ह-3 आणि बे-3

प्रत्येक सोसायटीत एक आप्पा असतात. आमचे आप्पा बँकेच्या तपासणी खात्यातून निवृत्त झाले, म्हणजे पगार थांबला. तपासणी चालूच आहे. ते कधी भांडत नाहीत. ते तुलना करतात. केस कापून झाले की आरशात डावा कल्ला आणि उजवा कल्ला ताडून पाहतात. लग्नात पहिल्या पंगतीचा मठ्ठा आणि तिसऱ्या पंगतीचा मठ्ठा यांत काय फरक पडला ते यजमानांना सांगतात, आणि वर "तक्रार नाही हं, नुसती नोंद" असंही म्हणतात. अशा माणसाने घरातली जुनी फरशी काढून नवी टाइल बसवायचं ठरवलं, तेव्हाच कॉन्ट्रॅक्टरची साडेसाती सुरू झाली होती. त्या बिचाऱ्याला ते कळलं नव्हतं इतकंच.

हॉलचं काम झकास झालं. दोन बाय दोनची टाइल, सांधे सरळ, मोजे घालून चाललं तर पायाला काही जाणवत नव्हतं. मग हॉलचा मिस्त्री घरच्या लग्नाला गावी गेला आणि बेडरूम त्याच्या भाच्याने केली. भाचा मेहनती होता, पण घाईत होता. त्याने दोरी न बांधता दाराकडून आणि खिडकीकडून दोन्ही बाजूंनी काम आत आणलं आणि मधल्या ओळीत दोन्ही बाजू एकमेकींना भेटल्या त्या वेगवेगळ्या उंचीवर. आप्पा अनवाणी फिरायला लागले आणि पलंगाच्या जागेपासून दोन पावलांवर थबकले. अंगठ्याला कोर लागली होती.

अशा वेळी कॉन्ट्रॅक्टर मंडळींची उत्तरं ठरलेली असतात. "काका, सांधे भरले की दिसणार नाही." "काका, तिथं पलंग येणार ना?" "काका, टाइलच कंपनीतून वाकडी येते." आणि शेवटचं, ब्रह्मास्त्र: "एवढं तेवढं चालतं, काका." आपल्यासारखा माणूस पहिल्याच उत्तराला गप्प बसतो आणि पुढची वीस वर्षं पाहुण्यांना "इथं जरा जपून" म्हणत राहतो. आप्पा गप्प बसले नाहीत. त्यांनी कागद घेतला.

मेसेजचा पहिला मसुदा दोन पानी होता. "आपल्याशी झालेल्या दिनांक अमुकच्या चर्चेस अनुसरून" अशी सुरुवात, मध्ये परिच्छेदांना क्रमांक आणि शेवटी "तरी त्वरित योग्य ती कार्यवाही व्हावी". काकूंनी तो उभ्या उभ्या वाचला आणि म्हणाल्या, "अहो, तो माणूस स्कूटरवर असतो. सिग्नलला मोबाइल बघतो. लाल दिव्यात वाचून होईल एवढंच लिहा. बाकी फोटोत दाखवा." मला विचाराल तर बांधकामातल्या पत्रव्यवहाराबद्दल याहून शहाणं वाक्य मी ऐकलेलं नाही.

मग फोटोंचं पर्व सुरू झालं. पहिले फोटो आप्पांनी दारात उभं राहून काढले, तर दोन्ही खोल्या सारख्याच देखण्या दिसल्या. नवी टाइल एवढी चकाकते की उभ्याने काढलेल्या फोटोत दिसतो तो दिवा आणि फोटो काढणाराचं पोट. वरखाली कोर दिसायला प्रकाश आडवा यावा लागतो. सकाळी सात वाजता बेडरूमच्या खिडकीतून ऊन जमिनीलगत आलं आणि एकेका टाइलची कड सावली टाकायला लागली. आप्पांना धन्य वाटलं. त्यांनी सटासट फोटो काढले, हॉलचे फोटो संध्याकाळी ट्यूबलाइटमध्ये काढले आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून मला दाखवायला आणले.

पण माणूस तपासणी खात्यातला. माझ्या जिन्यातच त्यांना स्वतःची चूक सापडली. "हे चालणार नाही," ते म्हणाले. "इथं ऊन आहे, तिथं ट्यूब आहे. तो म्हणेल, लाइटचा फरक आहे. आणि बरोबरच म्हणेल. इतक्या तिरप्या उन्हात चांगलं कामसुद्धा वाईट दिसतं."

आले तसे ते परत गेले. दोन्ही खोल्यांचे पडदे ओढले, दिवे घालवले, मोबाइलची टॉर्च जमिनीवर, भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवली आणि काकूंच्या मोबाइलवर दोन्हीकडे गुडघ्याच्या उंचीवरून, भिंतीपासून तिसऱ्या ओळीचा फोटो घेतला. आता प्रकाश तोच, उंची तीच, ओळ तीच. बदलली ती फक्त खोली. हॉलमध्ये टॉर्चचा उजेड टाइलवरून सरळ घरंगळत गेला. बेडरूममध्ये तो सांध्या-सांध्याला अडखळला. कागदी टेपवर "ह-3" आणि "बे-3" लिहून त्यांनी टेप टाइललाच चिकटवली, म्हणजे कुठला फोटो कुठला यावर पुढे वाद नको.

तरीही आप्पांचं समाधान होईना. सावली म्हणजे आरोप, आकडा म्हणजे पुरावा. मिस्त्री लोकांची ॲल्युमिनियमची लांब पट्टी कोपऱ्यात होतीच. ती त्यांनी सांध्यावर आडवी ठेवली आणि खाली राहिलेल्या फटीत एटीएम कार्ड सारलं. कुठल्याही बँकेचं घ्या, कार्डाची जाडी ठरलेली असते: 0.76 मिलिमीटर. हे आप्पांना नोकरीपासून पाठ. अमेरिकेतल्या टाइलकामाच्या मानकात अरुंद सांध्याला जी सूट दिली आहे ती एका इंचाचा बत्तिसावा भाग, अधिक टाइलचा स्वतःचा बाक. तो बत्तिसावा भाग म्हणजे जवळपास एक कार्ड. हॉलमध्ये कार्ड शिरलंच नाही. बेडरूममध्ये एक आरामात गेलं, दुसरंही गेलं, तिसरं अडकून बसलं.

फोटो पाठवणार, एवढ्यात काकू म्हणाल्या, "नंबर दिसतोय." आप्पांनी कार्ड उलटं केलं. "आता मागचे तीन आकडे दिसतायत." शेवटी ड्रॉवरमधून मुदत संपलेली तीन कार्डं निघाली. आप्पांनी ती का जपून ठेवली होती ते काकूंना तीन वर्षं कळत नव्हतं. त्या दिवशी आप्पा घरात दिवसभर ताठ मानेने फिरले.

राहिला "टाइलच वाकडी" हा बचाव. मोठ्या टाइलला भाजताना थोडा बाक येऊ शकतो, हे खरं आहे. त्यावर उपाय सोपा. उरलेल्या बॉक्समधल्या दोन टाइल चकाकती बाजू चकाकत्या बाजूला लावून उभ्या धरायच्या आणि कडेने बघायचं. बाक असेल तर मध्ये किंवा कोपऱ्यांना फट दिसते. इथं कागद घालायलासुद्धा जागा नव्हती. शिवाय दोन्ही खोल्यांच्या बॉक्सवर बॅच नंबर एकच. त्याचाही फोटो निघाला.

उत्साहाच्या भरात आप्पांनी बाथरूमही तपासलं आणि "बा-1 ते बा-6, स्पष्ट उतार" अशी नोंद केली. काकू म्हणाल्या, "उतार नसेल तर पाणी जाळीपर्यंत काय पाय लावून जाणार आहे?" नोंद रद्द झाली. मग बेडरूमच्या सगळ्या टाइल नाण्याने वाजवून पाहिल्या. उंच बसल्या म्हणून टेप लावलेल्या सातपैकी तीन पोकळ वाजत होत्या, म्हणजे खाली मसाला पुरता पोचलेलाच नव्हता. अशी टाइल आज नुसती वाजते. उद्या तिच्यावर कपाटाचा पाय आला की तडकते.

अखेर जो मेसेज गेला तो असा:

"नमस्कार दादा. हॉलचं काम फार छान झालंय, तसंच बेडरूमचं हवंय. फोटो 1 हॉल, फोटो 2 बेडरूम. ओळ तीच, लाइट तोच. फोटो 3 आणि 4 मध्ये पट्टीखाली कार्ड: हॉलमध्ये एकही जात नाही, बेडरूममध्ये दोन जातात. टाइल एकाच बॅचच्या आहेत आणि सरळ आहेत (फोटो 5). टेप लावलेल्या सात टाइल काढून पुन्हा बसवाव्यात. माझ्याकडे चार शिल्लक आहेत, उरलेल्या त्याच बॅचच्या आणाव्यात. त्याआधी सांधे भरू नयेत. उद्या किंवा परवा केव्हा येता?"

यात पैशांचा उल्लेख नाही. शेवटचा हप्ता द्यायचा बाकी होता आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. पण तो लिहिला की बोलणं फरशीवरून उठून पैशांवर जाऊन बसतं, आणि तिथून ते परत येत नाही. "खोली उखडा" असंही लिहिलं नाही. तीसातल्या सात टाइलला नाही म्हणणं अवघड असतं, अख्ख्या खोलीला फार सोपं असतं. आणि सगळ्यात कावेबाज वाक्य पहिलंच. तुलना दुसऱ्याच्या घराशी नाही, दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरशी नाही, त्याच्याच हॉलशी. स्वतःच्या चांगल्या कामाविरुद्ध माणूस काय बोलणार?

उत्तरात आधी हात जोडल्याचं चित्र आलं, मग "काका, उद्या सकाळी येतो".

आला तो भाच्याला आणि स्वतःची पट्टी घेऊन. सातपैकी दाराजवळच्या एका टाइलपाशी तो बसला आणि म्हणाला, "काका, इथं कार्ड घालून दाखवा." कार्ड गेलं नाही. आप्पांनी निमूटपणे तिथली टेप काढली. मग सहा टाइल निघाल्या. मधोमध फोडून, छिन्नी आतून बाहेर चालवत, म्हणजे शेजारणीची कड उडू नये. खालचा उंच राहिलेला थर खरवडला, हॉलच्या उंबऱ्यापासून दोरी ताणली आणि नव्या टाइल बसल्या. सांध्यात लेव्हलच्या क्लिपा लागल्या. दिवसभर त्या खोलीत पाय टाकायला बंदी होती. बंदोबस्ताला दारात खुर्ची टाकून आप्पा बसले. भाचा शेवटी म्हणाला, "अंकल, ये कार्डवाला आयडिया अच्छा है," आणि मुदत संपलेल्या तीनांतलं एक कार्ड मागून घेऊन गेला.

हप्ता त्याच संध्याकाळी पोचता झाला, शंभर रुपयेही कापले नाहीत.

तेव्हा तुमच्याकडे फरशीचं काम चालू असेल तर आप्पांना जरूर बोलवा, फक्त सांधे भरायच्या आधी बोलवा. टॉर्च आणि कार्डं ते स्वतः आणतात. चहा बिनसाखरेचा लागतो, आणि कृपा करून सगळ्यांना एकाच मापाच्या कपात द्या.