‘पदोन्नत्ती झाल्या बद्धल’

सरकारी कार्यालयात पदोन्नतीचा आदेश निघाला की घाम फुटतो तो अभिनंदन करणाऱ्यांना. ज्याला बढती मिळते तो निवांत असतो. सेवाज्येष्ठता यादीतला आपला नंबर त्याला कुलदैवताच्या आरतीसारखा पाठ असतो. वरचा कोण कधी निवृत्त होणार, मधला कोण लांबच्या तालुक्याच्या भीतीने बढती नाकारणार, हे गणित त्याने केव्हाच मांडून ठेवलेलं असतं. बाकीच्यांवर मात्र आदेशाची पीडीएफ ग्रुपवर पडली की आभाळच कोसळतं. अर्ध्या तासात काहीतरी लिहायला हवं. उशीर केला तर पोटात दुखलं म्हणतील, घाई केली तर टेबल बघून ठेवलंय म्हणतील.

आमच्या सोलापुरात अभिनंदनाचं शिक्षण चौकाचौकांत फुकट मिळतं. सात रस्त्यापासून अशोक चौकापर्यंत नुसती चक्कर मारा. फ्लेक्सवर ‘अभिनंदन’ तीन वेळा असतं, मध्ये एक मोठा चेहरा, खाली शुभेच्छुकांचे इतके चेहरे की गड्ड्याच्या यात्रेतली गर्दी वाटावी. ‘उत्तुंग भरारी’, ‘यशाचे शिखर’, ‘कार्यास सलाम’ ही तिन्ही त्यावर असतात. दहावी पास झालेल्या पोराला तीच, कुठल्याशा समितीवर नेमलेल्या पुढाऱ्यालाही तीच. त्यामुळे आपल्याला कुणाचं अभिनंदन करायची वेळ आली की आतून बोलतो तो फ्लेक्सवाला.

आमच्या आवक-जावकच्या पोराचं तेच झालं. आमच्या मॅडम वरिष्ठ सहायक झाल्या आणि बढतीबरोबर बदली करमाळ्याला, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. मी एम. ए. मराठी असल्याचं कार्यालयात सगळ्यांना माहीत आहे. एरवी त्याचा कुणाला उपयोग नाही, पण अशा दिवशी माझ्या टेबलापुढे रांग लागते. पोरानं मोबाइल पुढं धरला.

“अण्णा, जरा बघा की. चुकलं असंल तर नीट करा.”

मजकूर असा होता:

‘माननीय मॅडम, आपली वरिष्ठ सहाय्यक या पदावर पदोन्नत्ती झाल्या बद्धल तुझे हार्दीक अभिनंदन व आपणास पुढिल वाटचालीस खुप खुप शुभेच्छ्या. तुमच्या कार्यास सलाम. उत्तुंग भरारी अशीच चालू राहो.’

त्यापुढे हार, फटाके, विमान. विमान भरारीसाठी असावं. मॅडम करमाळ्याला एसटीनं जाणार होत्या.

“पहिल्यांदा हे सांग, तू मॅडमना अरे-तुरे करतोस?”

“छ्या! मी कुठं?”

“मग ‘तुझे’ कुठून आलं? सुरुवातीला ‘आपली’, मधेच ‘तुझे’, लगेच ‘आपणास’ आणि शेवटी ‘तुमच्या’. दोन वाक्यांत बाईंना तू वर चढवलंस, खाली उतरवलंस आणि मधल्या पायरीवर नेऊन बसवलंस.”

घोटाळा कुठून झाला ते सरळ आहे. तुकडे तीन ठिकाणांहून उचललेले. ‘आपणास’ आदेशातून, ‘तुझे’ मित्राच्या वाढदिवसाच्या मेसेजमधून, आणि ‘तुमच्या’ तेवढं त्याचं स्वतःचं. तो रोज मॅडमशी ‘तुम्ही’ म्हणूनच बोलतो. मग लिहितानाही ‘तुम्ही’च. रोज ‘तुम्ही’ म्हणणाऱ्यानं एकदम ‘आपण’ म्हटलं की समोरच्याला वाटतं, याला रजा पाहिजे.

‘पदोन्नत्ती’चं दुखणं वेगळं. या शब्दात कुठलं तरी अक्षर जोडीनं येतं एवढं सगळ्यांना आठवतं, कुठलं ते आठवत नाही. सावधगिरी म्हणून दोन्हींना जोडीदार दिला जातो. पद अधिक उन्नती. जोडी ‘न’ची, ‘त’ एकटा. ‘बद्दल’मध्ये ‘द’ला ‘द’च जोडायचा, तिथं ‘ध’ आणून शब्दाला पहिलवान करायचं कारण नाही. शिवाय तो मागच्या शब्दाला चिकटून येतो. ‘झाल्या बद्धल’ असं सुटं लिहिलं की मॅडम कशाच्या तरी बदली आल्यात असं वाटतं.

‘सहाय्यक’पाशी मात्र पेच पडला. शुद्ध म्हणाल तर ‘सहायक’ किंवा ‘साहाय्यक’. ‘सहाय्यक’ हे दोघांचं कडबोळं. पण खुद्द आदेशातच ‘वरिष्ठ सहाय्यक’ छापलेलं. पोरगा म्हणाला, “अण्णा, ऑर्डरमधेच चुकलंय, मग शुद्धिपत्रक काढायला लावायचं का?” मी त्याला हळू बोल म्हटलं. आमच्याकडे शुद्धिपत्रक निघेपर्यंत बाई निवृत्त झाल्या असत्या.

खरी लढाई झाली ती ‘हार्दीक’ आणि ‘पुढिल’वर. दोन्ही चुकलेले, आणि दोन्ही उलट्या बाजूंनी. मी सांगितलं: ‘हार्दिक’ ऱ्हस्व, ‘पुढील’ दीर्घ, ‘खूप’ दीर्घ. त्यानं तिन्ही मोठ्यानं म्हणून पाहिले आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी ऑडिटमधला आहे.

“ऐकायला तर सारखंच येलालंय की.”

पोराच्या घरी कन्नड बोलतात, त्यामुळे त्याचा कान आमच्यापेक्षा तयार. कन्नडमध्ये वेलांटी चुकली तर माणूस चुकतो. ‘बिडु’ म्हणजे सोड आणि ‘बीडु’ म्हणजे मुक्काम. ऱ्हस्वाचा दीर्घ झाला तर निघालेला माणूस तंबू ठोकून बसेल. मराठीत तसं होत नाही. शेवटचं अक्षर अकारान्त असलं की त्याच्या आधीची वेलांटी आपण बोलताना लांबवतोच, मग ती कागदावर कशीही असो. म्हणून कान ‘हार्दीक’ सांगतो आणि हात तेच लिहितो. कानाचं यात काही चुकत नाही. नियम कानासाठी केलेलाच नाही.

नियम आहे शब्दाच्या घराण्याचा. साहित्य महामंडळाचे लेखनाचे १४ नियम शासनानं १९६२ मध्ये मान्य केले आणि १९७२ मध्ये आणखी ४ जोडले. त्यांतला आपल्या कामाचा एवढाच: शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलेला नसेल आणि शेवट अकारान्त असेल तर आधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ. म्हणून पुढील, मागील, जमीन, खूप. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला असेल तर तो तिथं होता तसाच ठेवायचा. म्हणून हार्दिक, मासिक, वार्षिक. शेवटी ‘-इक’ दिसलं आणि शब्द जरा भारदस्त वाटला की डोळे झाकून ऱ्हस्व द्यावा, शंभरात क्वचितच फसाल.

“म्हणजे शब्दाची जात बघून लिहायचं?” पोरानं विचारलं.

या प्रश्नाला एम. ए.ला उत्तर नव्हतं. मी चहा सांगितला.

चहा येईपर्यंत आठवलं, ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. तीही एका परीनं पदोन्नतीच, आणि ती व्हायला बरीच वर्षं लागली, म्हणजे सेवाज्येष्ठतेचा घोळ दिल्लीतही असावा. त्या संध्याकाळी आमच्या ग्रुपवर पहिला मेसेज पडला: ‘मराठीला अभीजात दर्जा मिळाल्या बद्धल हार्दीक शुभेच्छ्या.’ बाईला अध्यक्ष केलं आणि फ्लेक्सवर तिचंच नाव चुकवलं, तशातली गत.

त्या मेसेजमध्ये अजून एक गोम होती, आणि ती वेलांटीपेक्षा मोठी. घडून गेलेल्या गोष्टीचं अभिनंदन करतात, शुभेच्छा पुढच्या गोष्टीला देतात. वाढदिवसाला शुभेच्छा, कारण पुढचं वर्ष अजून काढायचंय. ‘पदोन्नतीच्या शुभेच्छा’ असं कुणी लिहिलं की सरकारी माणसाच्या छातीत कळ येते. आदेशाला स्थगिती आली की काय? कोर्टात कोण गेलं? पोरानं दोन्ही दिलं होतं, ते चाललं असतं. पण ‘आपणास वाटचालीस’ असे दोन ‘स’ एकापुढे एक उभे करून शुभेच्छा नेमक्या कुणाला ते कळू दिलं नव्हतं. मॅडमना, की वाटचालीला? ‘पुढच्या वाटचालीसाठी तुम्हाला’ म्हटलं की मिटलं.

एवढं सगळं दुरुस्त करून मी मजकूर त्याला परत वाचून दाखवला. आता त्यात एकही चूक नव्हती, आणि तो कुठल्याही चौकात लावता आला असता.

“मॅडमनी तुझं काय भलं केलं का कधी?” मी विचारलं.

“केलं की. मी नवीन होतो तवा माझी पहिली टिप्पणी त्यांनी फाडायला लावली. परत लिहिली, परत फाडायला लावली. साहेबांकडं मात्र जाऊ दिली नाही. लई राग आलता.”

“आता?”

“आता माझी टिप्पणी वरून परत येत नाही.”

“मग हे कुठंय यात?”

“असलं लिहितात व्हय?”

असलंच लिहितात. भरारी, सलाम दोन्ही काढून टाकलं. सेवाज्येष्ठतेनं वर सरकलेल्या बाईंना ‘उत्तुंग भरारी’ म्हटलं की त्यांनाच हसू येतं. ‘माननीय’ काढलं, कारण समोर बसून डब्यातली शेंगाची चटणी वाढणाऱ्या बाईंना कुणी माननीय म्हणत नाही. ‘तुमचे’ ठेवायचं की ‘तुमचं’ यावर थोडं अडलो. बोलण्यासारखं लिहायचं ठरवलं तर ‘तुमचं’, ‘विचारायचं’ असा अनुस्वार शेवटपर्यंत ठेवावा. एका ओळीत ‘तुमचे’ आणि दुसऱ्या ओळीत ‘विचारायचं’ आलं की वाटतं, माणूस उठून कोट घालून आला. विमान मी काढलं, हार त्यानं हट्टानं ठेवला. झालं ते असं:

‘मॅडम, तुम्ही वरिष्ठ सहायक झालात, मनापासून अभिनंदन! मी नवीन असताना माझी पहिली टिप्पणी तुम्ही पुन्हा पुन्हा फाडायला लावलीत, म्हणून आज मला लिहिता येतं. करमाळा लांब आहे, जपून जा. आता डब्यात काय आणलंय म्हणून कुणाला विचारायचं?’

पोरानं दोनदा वाचलं. “हे तर मीच बोलल्यासारखं झालंय,” तो जरा नाराजीनं म्हणाला. चहा पाजून, एम. ए.कडून करून घेतलं आणि तरी स्वतःचंच निघालं, असा त्याचा चेहरा होता. (चहाचे पैसे मीच दिले होते.) तरी त्यानं मेसेज पाठवला.

तो ग्रुपवर पडला आणि पाच मिनिटं कुणीच काही लिहिलं नाही. मग आस्थापनेतून एक मेसेज आला: ‘मॅडम, तुम्ही वरिष्ठ सहायक झालात, मनापासून अभिनंदन! मी नवीन असताना माझी पहिली टिप्पणी…’ मग लेखा शाखेतून तोच. मग ड्रायव्हरचा, ज्यानं आयुष्यात टिप्पणी लिहिलेली नाही. मॅडमच्याही आधी नोकरीला लागलेल्या एकाचा. दुपारपर्यंत निम्म्या कार्यालयाची पहिली टिप्पणी मॅडमनी फाडायला लावली होती आणि सगळ्यांना त्यांच्या डब्याची काळजी लागली होती. मॅडम प्रत्येकाला हात जोडत होत्या.

चारच्या सुमारास खुद्द साहेबांचा मेसेज आला. अक्षर न अक्षर तोच, हारासकट.

त्याला मॅडमनी हात जोडले नाहीत. जरा वेळानं लिहिलं: ‘धन्यवाद सर. तुमची टिप्पणी मी कधी बघितल्याचं आठवत नाही. पण शुक्रवारपर्यंत आहे मी इथं, आणा, बघू.’