एका नमस्काराला चौदा उत्तरं

स्वयंपाकघरातला नळ गळत होता. जुना पितळी नळ, कितीही घट्ट फिरवला तरी थेंब पडायचाच, आणि रात्री त्याचा आवाज घड्याळापेक्षा मोठा व्हायचा. दुखणं साधं होतं, आतला रबरी वायसर झिजला होता. तो काढून खिशात टाकला आणि कोपऱ्यावर नव्यानं उघडलेल्या दुकानात गेलो. गल्ल्यावर पंचविशीतला एक हसतमुख मुलगा बसला होता. दुकान नवं, ओळख नाही, म्हणून मी आधी म्हटलं, "नमस्कार."

"नमस्कार काका! आपल्याकडे नळजोडणी, टाकीची सफाई, मोटर दुरुस्ती, गिझर, मिक्सर, पंखे, इन्व्हर्टरची बॅटरी, सीसीटीव्ही, चाव्यांची नक्कल, मच्छरजाळी, वॉटरप्रूफिंग, लॅमिनेशन, रेल्वेचं तिकीट, लग्नपत्रिका, सगळं होतं. बोला, काय देऊ?"

खिशातल्या वायसरवर माझी बोटं होती, पण तोंडातून शब्द गेला, "नंतर येतो."

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "वायसर मिळाला?"

"नाही. पण तो पोरगा पुष्कळ काय काय करतो."

"काय करतो?"

मी आठवू लागलो. "नळाचं करतो. टाकीचं करतो. आणि... लग्नपत्रिका छापून देतो."

"लग्न कुणाचं काढलंय?" तिनं विचारलं, आणि नळाखाली पातेलं सरकवलं.

जुनाच वायसर परत बसवला. त्या रात्री पातेल्यात पडणारे थेंब मोजता मोजता मी विचार करत राहिलो. पोरगा उद्धट नव्हता. उलट भलताच तत्पर होता. मला हवी ती वस्तू त्याच्याकडे नक्की असणार. मग मी पळालो का?

थोडा उलगडा माझ्या आठवणीतूनच झाला. चौदातल्या तीनच गोष्टी मला सांगता आल्या, सुरुवातीच्या दोन आणि शेवटची एक. मधल्या अकरा पाण्यासारख्या वाहून गेल्या. मानसशास्त्रात ही गोष्ट जुनी आहे. यादी ऐकवून ती आठवायला सांगितली की माणसं टोकाचे शब्द धरून ठेवतात आणि मधले सोडून देतात. एका वेळी डोक्यात किती गोष्टी धरता येतात, यावर जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली लिहिलं, तेव्हा आकडा सातच्या आसपास होता. २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी तो चारच्या आसपास आणला. म्हणजे पोरगा मच्छरजाळीपर्यंत पोचला तेव्हा माझं डोकं केव्हाच भरलेलं होतं. शिवाय त्यात आधीपासून एक वायसर होता. तोच बहुधा बाहेर ढकलला गेला.

पण हे उत्तर पुरेसं नाही. कारण उडुपी हॉटेलातला वेटर यापेक्षा लांब यादी यापेक्षा वेगात म्हणतो, आणि मी आनंदानं ऐकतो. "इडली, वडा, इडली-वडा, साधा डोसा, मसाला डोसा, रवा डोसा, उत्तप्पा, उपमा, शिरा..." हे सगळं एका श्वासात. याचं एक कारण असं, की ते पदार्थ माझ्या ओळखीचे आहेत. सगळे डोसे डोक्यात एकाच खुंटीवर लटकतात, दहा वस्तूंचे तीन गठ्ठे होतात. गिझर, लॅमिनेशन आणि लग्नपत्रिका मात्र कुठल्याच एका खुंटीवर बसत नाहीत.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वेटर ती यादी म्हणतो ती मी "काय आहे?" असं विचारल्यावर. मी आत येऊन बसतो तेव्हा तो काही म्हणत नाही. समोर पाण्याचा ग्लास ठेवतो. कधी ग्लासात बोटं असतात, तो भाग सोडून द्या, पण माझ्या येण्याला दिलेलं उत्तर म्हणजे तो ग्लास. 'तुम्ही आलात, मी पाहिलं, आता सावकाश सांगा,' एवढं त्यात येतं. यादी नंतर येते.

माझ्या नमस्काराला त्या दिवशी पाण्याचा ग्लास मिळाला नाही. थेट मेनूकार्ड मिळालं.

ब्रॉनिस्लॉ मालिनोव्हस्की नावाचे मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रियांड बेटांवर राहिले होते. १९२३ साली छापलेल्या एका निबंधात त्यांनी अशा बोलण्याला वेगळं नावच दिलं, ज्यातून माहिती द्यायची नसते, फक्त नातं बांधायचं असतं. तब्येतीची चौकशी, हवापाण्याच्या गप्पा ही त्यांची उदाहरणं. अनोळखी माणूस समोर गप्प उभा राहिला की भीती वाटते, ती शांतता मोडायला हे शब्द असतात, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी आपल्याला बेटावर जायची गरज नाही. पिशवी घेऊन निघालेल्या माणसाला आपण विचारतो, "काय, बाजारात का?" पिशवी दिसते आहे, मंगळवार आहे, तो बाजारातच निघालाय हे दोघांनाही माहीत आहे. तो म्हणतो, "हो, जरा जाऊन येतो." इथं त्यानं कांद्याचा भाव, मेथीची जुडी आणि परतीची एसटी सांगितली, तर दुसऱ्या दिवशी आपण रस्ता बदलू. 'राम राम'ला 'राम राम' असतं, 'जय भीम'ला 'जय भीम'. वारीत एकानं वाकून 'माउली' म्हटलं की दुसराही तितकाच वाकतो. जेवढं आलं तेवढंच परत करायचं, हा या व्यवहाराचा नियम.

आणि परत करताना आणखी एक गोष्ट परत करायची असते, बोलण्याची पाळी. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ इमॅन्युएल शेग्लॉफ यांनी टेलिफोनवरच्या संभाषणांच्या सुमारे पाचशे सुरुवाती तपासल्या आणि १९६८ साली त्यावर लेख लिहिला. फोन उचलणाराच आधी बोलतो, हा नियम सगळीकडे दिसत होता. फक्त एका संभाषणात फोन करणारा आधी बोलला, आणि त्या एका अपवादावर शेग्लॉफ अडून बसले. तिथं फोन उचलला गेला होता, पण पलीकडे कुणी बोललंच नाही, म्हणून करणाऱ्यानं आपणच 'हॅलो' म्हटलं. मग त्यांच्या लक्षात आलं की फोनची घंटा ही हाक आहे आणि उचलणाऱ्याचं 'हॅलो' ही त्या हाकेला दिलेली 'ओ' आहे. ओ आली नाही, म्हणून त्या माणसानं तोंडानं दुसरी हाक मारली. आणि ओ मिळाली की पुढं बोलण्याची जबाबदारी हाक मारणाऱ्यावर येते, कारण काम त्याचं असतं. आपल्याकडे हे कुणी शिकवावं लागत नाही. "आई!" "ओ!" एवढं झालं की आई गप्प राहते, पोरगं बोलतं. आईनं 'ओ'च्या जागी "पोळ्या करते, गृहपाठ घेते, बटण लावते, ओरडते" असं सुरू केलं तर पोराला कशासाठी हाक मारली तेच आठवणार नाही.

माझं तेच झालं होतं. बोलायची पाळी माझी होती, वायसरही माझा होता. ती पाळी त्या पोरानं घेतली, चौदा मजले चढवले आणि मग "बोला" म्हणून माझ्या हातात दिली. आता मला त्याची यादी आठवायची होती, तिच्यात आपलं काम कुठं बसतं ते शोधायचं होतं, आणि इतक्या मोठ्या कारभाराला दहा-वीस रुपयांच्या रबराचा त्रास द्यायचा संकोचही गिळायचा होता. दारावरची पाटी लांब असली तर चालते, तिच्यावरून डोळे फिरवता येतात, हवं तिथं थांबता येतं. कानावर पडणाऱ्या यादीत मात्र मागं जाता येत नाही, आणि म्हणणारा आपल्या तोंडाकडे बघत असतो. प्रत्येक नावाला मान हलवावी लागते. चौदा वेळा मान हलवून मी दमलो होतो.

त्या पोराला हसण्याचा अधिकार मात्र मला नाही. निवृत्त झाल्यावर पहिल्या वर्षी एका लग्नात जुन्या ओळखीच्या गृहस्थांनी मला विचारलं होतं, "काय, कसं काय?" मी म्हणालो, "भाषांतरं करतो, मुद्रितं तपासतो, शिकवण्या घेतो, आयकराचे फॉर्म भरून देतो, आणि सूत्रसंचालनही..." त्यांच्या हातात पंगतीचा लाडू होता, तो तसाच राहिला. "वा, छान," म्हणत ते वरातीकडे निघून गेले. वरात अजून यायची होती. त्यांना माझी खुशाली हवी होती आणि मला भीती होती, की हे असेच पुढं गेले तर मी अजून उपयोगाचा आहे हे यांना कळणार कधी? त्या पोराच्या यादीतही हीच भीती असणार. दुकान उघडून महिना झालेला, गाळ्याचं भाडं डोक्यावर, गिऱ्हाईक दारात आलेलं. यादी थांबली की ते जाईल असं त्याला वाटत होतं, आणि ते यादीमुळंच गेलं.

चार दिवसांनी पातेल्याला कंटाळून वायसर पुन्हा काढला आणि दुकानात गेलो. पोरगा पाना घेऊन मोटर खोलत होता, हात ग्रीसनं भरलेले. मी म्हटलं, "नमस्कार." त्यानं मान वर केली. "या काका. बोला."

कामात असल्यामुळं यादी म्हणायला त्याला सवड नव्हती. मी वायसर त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो उलटसुलट करून उजेडात धरला.

"अर्धा इंची. थेंब तोटीतून पडतो की वर चावीपाशी ओलं होतं?"

"तोटीतून."

"मग हाच. दोन घेऊन जा." मग वायसरच्या एका बाजूला पडलेल्या खाचेवर बोट ठेवून म्हणाला, "पण हा एकीकडूनच कापलाय. आतली बैठक खडबडीत झाली असेल. नवा घालूनही गळला तर नवा वायसर आणू नका, मला सांगा, मी येऊन घासून देतो."

चौदा कामांतलं त्यानं एकच काम सांगितलं, आणि तेही माझ्या खिशातून निघालेल्या रबराकडे बघून. नवा वायसर आठ दिवसांत गळू लागला. तो आला, नळ उघडला, बैठक घासली, आणि चहा पिताना बायकोला म्हणाला, "काकू, कधी लग्नपत्रिका लागल्या तर..." तिनं माझ्याकडे पाहिलं.

त्यानंतर मीही सवय लावून घेतोय. परवा दुपारी फोन वाजला. नंबर त्याच लाडूवाल्या गृहस्थांचा. भाषांतरं, मुद्रितं, आयकर सगळं जिभेच्या टोकावर आलं होतं. ते गिळून म्हणालो, "नमस्कार. बोला."

पलीकडे क्षणभर कुणी बोललं नाही.

"काही नाही हो," ते म्हणाले, "सहज केला होता."