विचार व्हावा

परिषदेहून परतलेला माणूस तुमच्याही ऑफिसात असेलच. आमचे नाना बंगळूरहून आले की गळ्यातला बिल्ला दोन दिवस उतरत नाही. तिसऱ्या दिवशी मॅडमच्या टेबलावर जाडजूड अहवाल पडतो. त्यात आधी दीपप्रज्वलन, मग जेवण (‘बिसीबेळे भात उत्तम. आपल्या कॅन्टीनसाठी विचार व्हावा’), मग प्रत्येक भाषणाचा गोषवारा आणि खाली ठरलेलं वाक्य: ‘आपल्याकडेही विचार व्हावा.’ कुणी करावा, यावर नाना मौन.

यंदा मॅडमनी अहवाल परत पाठवला. वर शेरा होता: ‘दोन पानं. तीनच कामं. प्रत्येकापुढे लिहा: कोण करणार? कधीपर्यंत? किती वेळ लागेल? झालं हे कशावरून कळेल?’

नाना दुखावले. टपरीवर चहा पिताना म्हणाले, “मॅडमच्या स्वभावाचाही विचार व्हावा.”

पण बसले. एका भाषणात गिटलॅबचा किस्सा होता. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या इंजिनिअरकडून चुकून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअप शोधायला गेले तर जागा रिकामी. `pg_dump` ची आवृत्ती जुनी, सर्व्हर नवा, त्यामुळे बॅकअप होतच नव्हता आणि तो फसल्याचे ईमेलही कुणापर्यंत पोचत नव्हते. सुमारे सहा तासांचा डेटा गेला.

यावर नानांनी आधी लिहिलं होतं: ‘बॅकअप महत्त्वाचा. विचार व्हावा.’ आता लिहिलं: ‘दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आदल्या रात्रीचा बॅकअप रिकाम्या सर्व्हरवर चढवून पाहायचा. बॅकअप घेताना बिलांच्या नोंदी मोजून ठेवायच्या आणि चढवल्यावर आकडा जुळवायचा. लागलेला वेळ नोंदवायचा. खर्च: अर्धा दिवस, एक जादा सर्व्हर. सुरुवात पुढच्या महिन्यात. जबाबदारी माझी.’

शेवटी आणखी एक ओळ: ‘कुबरनेटीसचं भाषण भारी होतं. आपले सर्व्हर दोन. करू नये.’ मॅडमना हीच ओळ सगळ्यांत आवडली.

पहिल्या शनिवारी आकडा जुळला, पण बॅकअप चढायला पाच तास लागले. ग्राहकांना आम्ही वर्षानुवर्षं ‘तासाभरात चालू करून देतो’ असं छातीठोक सांगत होतो. सोमवारी ते वाक्य करारातून निघालं.

आता कबूल करायला हवं, बाकीचे आम्ही परिषदेला जातो ते टी-शर्ट आणि म्हैसूरपाकासाठी. दिवसाच्या शेवटच्या भाषणाला, हॉल ओस पडला असताना, पहिल्या रांगेत वही उघडून बसतात ते नानाच. ते ऐकतात म्हणून तर लिहिण्याजोगं काही हाती लागतं.

तेव्हा पुढच्या परिषदेला तुमच्या ऑफिसातल्या नानांनाच पाठवा. फक्त मॅडमचे चार प्रश्न गाडीत बसण्यापूर्वी त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्या.