वचनदात्यासाठी ठिपकेवाचन

ग्राहकाने ‘कधी होईल?’ असे विचारताच ‘शुक्रवारी देतो’ म्हणणाऱ्यांचा एक मोठा संप्रदाय आपल्याकडे आहे. हा शुक्रवार कोणत्या आठवड्यातला, हे सांगण्याची संप्रदायात पद्धत नाही. प्रस्तुत मार्गदर्शन त्यातून बाहेर पडू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. साहित्य फारसे लागत नाही. संपलेल्या कामांची यादी, एक आलेख आणि साहेबांसमोर उभे राहण्यापुरता निगरगट्टपणा एवढे पुरते.

उदाहरणासाठी हिंजवडीतली एक काल्पनिक तुकडी घेऊ. ग्राहकाच्या बिलिंगच्या प्रणालीत लहानमोठे बदल करून देणे हे तिचे काम. गेल्या १० आठवड्यांत तिने २० कामे संपवली. प्रत्येक कामाच्या दोन तारखा लिहून काढाव्यात: कुणीतरी ते हातात घेतले तो दिवस आणि ते ग्राहकाच्या हाती पडले तो दिवस. दुसरीतून पहिली वजा करून त्यात १ मिळवला की त्या कामाचा सायकल टाइम मिळतो. १ मिळवण्याचे कारण असे की सकाळी घेतलेले काम संध्याकाळी दिले, तर त्याला शून्य दिवस लागले असे म्हणवत नाही. शनिवार-रविवार वजा करू नयेत. ते वजा केल्यावर आकडे देखणे होतात हे खरे, पण ग्राहकाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात ते तसेच राहतात.

आता आलेख. आडव्या अक्षावर काम संपल्याची तारीख, उभ्या अक्षावर लागलेले दिवस आणि प्रत्येक संपलेल्या कामाचा एक ठिपका. ‘संपलेल्या’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. जे काम गेले २ महिने कुणाच्या तरी टेबलावर पडून आहे त्याचा ठिपका इथे नसतो, आणि नेमके तेच ग्राहकाच्या डोक्यात असते.

आपल्या तुकडीचे २० ठिपके लहानापासून मोठ्यापर्यंत असे: १, २, २, ३, ३, ३, ४, ४, ५, ५, ५, ६, ६, ७, ८, ९, ११, १४, १९ आणि ४१. शेवटच्या आकड्याबद्दल कार्यालयात दोन मते आहेत. ग्राहकाकडची परवानगी अडकली होती असे एक मत. काम घेणारा मध्येच बहिणीच्या लग्नाला गेला आणि परत आल्यावर कुणी त्याला आठवण करून दिली नाही, हे दुसरे. आलेखाला दोन्ही मतांशी कर्तव्य नाही. वर, एकटा, सगळ्यांपासून दूर बसलेला तो ठिपका पुसण्याचा मोह मात्र आवरावा. लग्ने पुढेही होणार आहेत.

इथे संप्रदायातले जुने लोक सरासरी काढतात. ती ७.९ येते आणि मग ‘आठ दिवसांत देतो’ असे वचन बाहेर पडते. यादीत मोजून पाहावे: आठ किंवा त्याहून कमी दिवसांत संपलेली कामे १५ आहेत. म्हणजे चारांतले एक वचन मोडणार हे देतानाच ठरलेले आहे. शिवाय त्या ४१ दिवसांच्या कामाला १४१ दिवस लागले असते, तर सरासरी १२.९ झाली असती. उरलेल्या १९ कामांनी काही गुन्हा केला नसताना त्यांच्या नावावर पाच दिवस चढले असते. जिराच्या `Control Chart` मध्ये ठिपक्यांबरोबर जी रेघ ठळक दिसते तीही सरासरीचीच. वचनासाठी तिचा आधार घेऊ नये.

आधार घ्यावा पर्सेंटाइलच्या रेघांचा. महाराष्ट्रात पर्सेंटाइल समजावून सांगावे लागत नाही, सीईटीच्या निकालाने ते काम घरोघर करून ठेवले आहे. फरक एवढाच की तिथे जास्त आकड्याला पेढे वाटतात, इथे जास्त आकडा म्हणजे लांबची तारीख. रेघ काढायला मोजता येणे पुरते. २० ठिपक्यांचे ८५ टक्के म्हणजे १७. खालून सतरावा ठिपका ११ दिवसांवर आहे, तिथून आडवी रेघ मारावी. तिच्यावर किंवा तिच्याखाली २० पैकी १७ कामे येतात. तशीच ५० टक्क्यांची रेघ दहाव्या ठिपक्यावर, म्हणजे ५ दिवसांवर, आणि ९५ टक्क्यांची एकोणिसाव्यावर, म्हणजे १९ दिवसांवर. ज्यांना बोटांवर मोजण्याची लाज वाटते त्यांच्यासाठी, दिवस C स्तंभात असतील तर:

```
=SMALL(C2:C21, ROUNDUP(0.85*COUNT(C2:C21), 0))
```

आता ४१ च्या जागी १४१ घालून पाहावे. ८५ ची रेघ ११ वरून तसूभरही हलत नाही.

यावरून वचन असे तयार होते: ‘काम हातात घेतल्यापासून ११ दिवसांच्या आत देऊ, आणि अशी शंभरातली ८५ वचने आम्ही पाळतो.’ सोमवारी ६ तारखेला काम सुरू झाले, तर गुरुवारी १६ तारखेपर्यंत. या वाक्याचा उत्तरार्ध गाळण्याची फार इच्छा होते. तो गाळला की वाक्याची हमी होते, आणि मग त्या उरलेल्या पंधरांपैकी एखादे काम आले की ग्राहकाला आपण खोटे बोललो असे वाटते; तेव्हा त्याची काही चूक नसते. ८५ हा आकडा वेदांत सांगितलेला नाही. सवयीने तो वापरतात. उशीर झाल्यावर ग्राहकाचे खरेच काही अडत असेल तर ९५ ची रेघ दाखवावी आणि १९ दिवस सांगावेत. आठ दिवसांचा तो फरक ऐकून बहुतेक ग्राहक ११ वर समाधान मानतात.

‘हातात घेतल्यापासून’ या शब्दांत सगळी मेख आहे. ग्राहकाने १ तारखेला मेल टाकली, आपण ‘नोंद घेतली’ असे उत्तर दिले आणि काम १५ तारखेला उघडले, तर आपल्या आलेखात मधले दिवस नाहीतच. ग्राहक मात्र १ तारखेपासून मोजतो आहे. म्हणून रांगेत असलेल्या कामाला तारीख देऊ नये. ते सुरू होईल त्या दिवशी कळवून तारीख द्यावी. याच शब्दांचा दुरुपयोगही करता येतो आणि हुशार तुकड्यांत तो सर्रास होतो. रेघ जवळ आली की काम ‘माहिती अपुरी’ म्हणून परत रांगेत ढकलायचे, किंवा बंद करून त्याच नावाने नवे उघडायचे. घड्याळ शून्यावर येते, आलेख गोजिरा दिसतो. ओळखायची खूण सोपी आहे: आलेखात सगळे ठिपके रेघेच्या आज्ञेत असतात आणि ग्राहकाचे फोन मात्र कमी होत नाहीत.

वचन देऊन विसरू नये, ते रोज थोडे शिळे होते. पाचवा दिवस संपला आणि काम झाले नाही, असे समजू. ११ दिवसांत होण्याची शक्यता अजून ८५ टक्केच आहे असे साहेबांना वाटते. यादी पाहावी. पाच दिवसांपेक्षा जास्त रेंगाळलेली कामे एकूण ९, त्यांपैकी अकराव्या दिवसापर्यंत संपलेली ६. म्हणजे शक्यता तीनांत दोन. आठवा दिवस संपला तर मागे उरलेली कामे ५ आणि वेळेत पार पडलेली त्यांतली २, म्हणजे ४० टक्के. आपण काहीही चुकीचे केले नसताना निव्वळ दिवस उलटल्याने ८५ चे ४० झाले. ग्राहकाला फोन करायचा तो सहाव्या दिवशी सकाळी, आणि तोही काम कुठे अडले आहे हे आधी शोधून. अकराव्या दिवशी संध्याकाळी केलेल्या फोनला सांत्वन म्हणतात.

एवढे सगळे पाळूनही रेघ खोटी ठरू शकते, कारण ती कालच्या कामाच्या रीतीवर उभी आहे. आपली तुकडी १० आठवड्यांत २० कामे, म्हणजे आठवड्याला २ कामे संपवते आणि सरासरी ७.९ दिवस लावते. याचा अर्थ तिच्या हातात कोणत्याही दिवशी साधारण दोन-सव्वादोन कामे असतात. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये ज्याची सिद्धता दिली तो हा हिशेब: हातातली कामे भागिले संपण्याचा वेग म्हणजे लागणारा सरासरी वेळ. आता एखाद्या उत्साही साहेबाने ‘सगळ्यांनाच खूश ठेवू’ म्हणून एकदम ६ कामे सुरू करायला लावली आणि वेग आठवड्याला २ चाच राहिला, तर सरासरीच ३ आठवड्यांवर जाते. ११ दिवसांची रेघ आलेखात पूर्वीइतकीच सुबक दिसते. ठिपके मात्र उजवीकडे सरकताना वर वर चढू लागतात आणि डावीकडून उजवीकडे एक त्रिकोण उघडत जातो. तो दिसला की जुन्या रेघेवर नवे वचन देणे थांबवावे. आधी हातातली कामे कमी करावीत, मग पुन्हा मोजावे.

ठिपके एकाच तारखेवर एकमेकांच्या डोक्यावर उभे दिसले, तर कामे महिनाअखेरीला गठ्ठ्याने ग्राहकाकडे जातात. तिथे लागलेले दिवस कामाचे नसून गठ्ठा बांधण्याची वाट पाहण्याचे आहेत. मध्येच आठवडाभर एकही ठिपका नसेल तर दिवाळी होती का ते पाहावे.

आता शेवटचा प्रसंग, जो हमखास येतो. ग्राहक म्हणतो, ‘ही तीन कामे एकाच दिवशी सुरू करा आणि तिन्ही ११ दिवसांत द्या, तुम्हीच तर ८५ टक्के म्हणालात.’ ते एका कामाचे होते. कामे एकमेकांच्या आड येत नाहीत असे मानले, तरी तिन्ही वेळेत होण्याची शक्यता ०.८५ चा घन, म्हणजे सुमारे ६१ टक्के. आणि एकाच तुकडीत कामे एकमेकांच्या आड येतातच. तिन्हींची एक तारीख हवी असेल तर हा आलेख बाजूला ठेवून दर आठवड्याला किती कामे संपली याची नोंद काढावी लागते. तो वेगळा हिशेब आहे.

यावर साहेब विचारतील की टक्केवारीची भानगड नको, १०० टक्क्यांची रेघ कुठे आहे ते दाखवा. ती ४१ वर आहे. त्यावरचा ठिपका पुसला नसल्यास बोट ठेवून दाखवावा, आणि तुकडीत येत्या महिन्यात कुणाच्या बहिणीचे लग्न आहे का याची चौकशी करावी.