फ्रीहोल्ड प्लॉट वाचावा कसा? (नवख्या गिऱ्हाइकासाठी)

प्रथम जाहिरात हातात घ्यावी आणि दोन वेळा वाचावी. सांगलीकडची जाहिरात साधारण अशी असते : 'कुपवाडजवळ 5 गुंठे प्लॉट, फ्रीहोल्ड, क्लिअर टायटल, लोन उपलब्ध, निसर्गरम्य परिसर, त्वरा करा.' यातला 'निसर्गरम्य' हा शब्द दिसला की 2019 च्या पुरात पाणी कुठवर आले होते, ते शेजाऱ्याला विचारावे. 'त्वरा करा' वाचून घरी झोप काढावी. उरला 'फ्रीहोल्ड'. या एका शब्दावर तुमची पुढची वीस वर्षांची पगारकपात उभी राहणार आहे, म्हणून त्याच्यापाशी जरा बसू.

फ्रीहोल्ड म्हणजे जमीन तुमची, कायमची. विकायची, गहाण टाकायची, पोरांना द्यायची तर वर कोणाची परवानगी लागत नाही. लीजहोल्ड म्हणजे जमीन दुसऱ्याची, तुम्हाला ठराविक वर्षांच्या भाडेपट्ट्याने आणि ठराविक अटींवर मिळालेली. इतके पाठ झाले की नवख्याला वाटते, आपण तयार झालो. सातारा-सांगलीत गंमत इथूनच सुरू होते, कारण इथे या दोहोंच्या मधोमध एक तिसरा प्रकार आहे आणि जाहिरातवाला त्याला बिनदिक्कत पहिल्यात घालतो.

हा तिसरा प्रकार ओळखण्यासाठी सातबारा काढावा. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत मिळतो. एजंट म्हणेल, 'साहेब, उतारा आहे की माझ्याकडं, झेरॉक्स देतो.' झेरॉक्स आदराने घ्यावी, खिशात ठेवावी आणि उतारा स्वतः काढावा. झेरॉक्सवरचा उतारा कधीचा आहे, हे सहसा त्या कागदाच्या पिवळेपणावरूनच ठरवावे लागते.

उताऱ्यावर मालकाचे नाव शोधायची घाई करू नये. आधी वरच्या भागात 'भूधारणा पद्धती' असे लिहिलेले असते तिकडे बघावे. 'भोगवटादार वर्ग 1' असेल तर महाराष्ट्रातला फ्रीहोल्ड तो हाच. 'भोगवटादार वर्ग 2' असेल तर जमीन धारण करणारा तोच, कसणारा तोच, सारा भरणाराही तोच. पण विकायची झाली की मधे सरकार उभे. 'शासकीय पट्टेदार' असेल तर ते लीजहोल्ड. हे तीनही प्रकार 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतले आहेत. फ्रीहोल्ड हा शब्द सातबाऱ्यावर कुठेही छापत नाहीत, त्यामुळे एजंटाला तो वापरायला पूर्ण मोकळीक आहे.

आता आपल्या पाच गुंठ्यांकडे येऊ. समजा उतारा 40 आरचा निघाला, म्हणजे साधारण एक एकर. वर 'भोगवटादार वर्ग 2', आणि 'इतर अधिकार' या रकान्यात बारीक अक्षरांत 'कुळकायदा कलम 43 च्या बंधनास पात्र'. एजंटाला दाखवले तर तो हसतो. 'त्ये काय नाही हो, जवळजवळ फ्रीहोल्डच हाय.'

आश्चर्य असे, की तो फार खोटे बोलत नसतो. 1 एप्रिल 1957 या कृषक दिनी कसेल त्याची जमीन झाली, कुळांनी ठरवलेली किंमत भरली आणि त्यांना कलम 32 एमचे खरेदी प्रमाणपत्र मिळाले. पण अशी जमीन परवानगीशिवाय विकू नये म्हणून कलम 43 चे कुंपण घातले गेले. 2014 च्या सुरुवातीला कायद्यात दुरुस्ती झाली. प्रमाणपत्राला दहा वर्षे उलटून गेली असतील तर परवानगीची गरज नाही. जमिनीच्या आकाराच्या 40 पट नजराणा भरला की झाले. हा आकार म्हणजे वर्षाचा सारा, तोही सातबाऱ्यावरच असतो. आपल्या उताऱ्यावर तो अडीच रुपये आहे असे धरू. अडीच गुणिले 40, म्हणजे शंभर रुपये. एका एकराचे.

इथे नवखा खूश होतो आणि म्हणतो, शंभर रुपये मीच भरतो. भरू नये. त्याऐवजी एजंटाला शांतपणे विचारावे, 'मालकांनी शंभर रुपयांसाठी इतकी वर्षं काम का अडवलं?' उत्तर बहुधा दोहोंपैकी एक असते. एक तर 32 एमचे प्रमाणपत्र सापडत नाही. आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत होते, घर पाडताना ट्रंक कुठे गेली कोणालाच आठवत नाही, किंवा मुळात किंमतच पूर्ण भरली गेली नव्हती. नाही तर मालक मेला, वारसांची नोंद झाली नाही, दोन बहिणी इस्लामपूरला आणि एक कऱ्हाडला, आणि तिघींनाही आपला हिस्सा हवा आहे. शंभर रुपयांच्या चलनापाशी ही सगळी मंडळी एकदम जागी होतात. म्हणून क्रम असा ठेवावा : प्रमाणपत्र, नजराणा, तहसील कार्यालयाचा आदेश, फेरफार, नवा सातबारा. हे सगळे विकणाऱ्याने करायचे आणि त्यावर वर्ग 1 छापून आल्यावर तुम्ही संचकार द्यायचा. उलट क्रमाने गेलात तर संचकार एजंटाच्या घरी पोचतो आणि वर्ग 2 तुमच्याकडे राहतो.

पण वर्ग 2 दिसला की शंभर रुपयांत सुटका, असे मात्र समजू नये. त्या एका शिक्क्याखाली बरेच प्रकार राहतात. सरकारने भूमिहीनाला दिलेली नवीन शर्तीची जमीन, इनामे आणि वतने खालसा झाल्यावर फेरदिलेली जमीन, कोयनेसारख्या धरणाच्या विस्थापितांना पुनर्वसनात मिळालेली जमीन हे सगळे वर्ग 2. या भागात तर संस्थानांच्या काळापासून इनामांचा सुकाळ. सरकारने दिलेल्या बऱ्याचशा जमिनींचे वर्ग 1 करण्यासाठी वेगळे नियम आहेत, पण तिथला हिशेब सारा बघून होत नाही. सरकारी रेडी रेकनरने धरलेल्या बाजारमूल्याच्या टक्क्यांत होतो. म्हणजे शंभराच्या जागी लाख. कुठली जमीन कुठल्या प्रकारची, हे गाव नमुना 1-क मध्ये नोंदलेले असते आणि ते तलाठ्याकडे बघायला मिळते. तलाठ्याच्या पाटीवर आता 'ग्राम महसूल अधिकारी' असते, हाक मात्र भाऊसाहेबच मारावी.

परवानगी न घेता अशी जमीन घेतली तर त्याला शर्तभंग म्हणतात. खरेदीखताची नोंदणी होऊन गेली म्हणून तो झाकला जात नाही. शर्तभंगात जमीन सरकारजमा करण्याचा आदेश निघू शकतो, आणि तो निघतो तेव्हा एजंटाचा फोन लागत नाही.

एक प्रकार अगदी सोपा आहे, पण नवख्यांना लवकर ओळखता येत नाही. कब्जेदाराच्या जागी मारुती, महादेव किंवा एखाद्या देवीचे नाव असेल, तर ती देवस्थान इनाम वर्ग 3. जमीन देवाची, वहिवाट पुजाऱ्याची. पुजारी विकायला राजी असतो. मालक दुय्यम निबंधकाकडे अंगठा द्यायला येत नाही. जाहिरात घडी घालून ठेवून द्यावी.

जागा शहरात असेल तर सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका निघते. तिच्यावर 'सत्ता प्रकार' असा रकाना असून त्यात एक अक्षर असते. साधारणपणे 'क' किंवा 'सी' हे खासगी मालकीचे, आणि 'ब' हे सरकारने अटी घालून दिलेल्या जागेचे. एका अक्षरावर आठ आकडी व्यवहार अवलंबून आहे असे सांगितले तर बायको विश्वास ठेवत नाही. पत्रिकाच पुढे ठेवावी.

आता खऱ्या लीजहोल्डकडे. याची इतकी भीती बाळगायचे कारण नाही. इथे निदान काय चालले आहे ते कागदावर लिहिलेले असते. सातारा, मिरज, कुपवाड इथल्या एमआयडीसीतले भूखंड 95 वर्षांच्या पट्ट्याने दिलेले आहेत. करार 1985 चा असेल तर पट्टा 2080 ला संपतो. तुम्ही 2026 मध्ये वीस वर्षांचे कर्ज काढलेत तर ते 2046 ला फिटते, पुढे 34 वर्षे उरतात, बँक डोळे वटारत नाही. पट्ट्याची उरलेली वर्षे कर्जाच्या मुदतीइतकी किंवा त्याहून थोडीच जास्त असली, की बँकेतला साहेब अचानक चहा मागवतो आणि नकार चहाबरोबर येतो. दुसरे बघायचे ते असे, की विकणाऱ्याकडे अंतिम पट्टा आहे की नुसता 'अ‍ॅग्रीमेंट टू लीज'. बांधकाम मुदतीत पुरे करून दाखला मिळाल्याशिवाय अंतिम पट्टा होत नाही. आणि हस्तांतरणाला महामंडळाची परवानगी व शुल्क लागते. ते कोण भरणार हे साठेखतातच लिहून घ्यावे. म्हाडाच्या वसाहतीतही इमारतीखालची जमीन सोसायटीला पट्ट्याने दिलेली असू शकते. तेव्हा फ्लॅटचा कार्पेट एरिया मोजून झाला की सोसायटीच्या चेअरमनना पट्टा कधीपर्यंतचा आहे, ते विचारावे. चेअरमन 'बघून सांगतो' म्हणाले तर ते बघेपर्यंत थांबावे.

महाबळेश्वरच्या बंगल्याची जाहिरात आली तर जीव वरखाली होतो, ते स्वाभाविक आहे. हे थंड हवेचे ठिकाण कंपनी सरकारने 1829 मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून खंडाळा गावाच्या मोबदल्यात घेतले, आणि पुढे बंगल्यांसाठी इथले भूखंड भाडेपट्ट्याने वाटले गेले. बंगला कितीही देखणा असला तरी खालची जमीन पट्ट्याचीच असू शकते. पट्टा संपला असेल किंवा नूतनीकरणाचे प्रकरण पडून असेल, तर तुम्ही छप्पर विकत घेता आणि वाद फुकट मिळतो. इथे दरीचा देखावा बघण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयातली पट्ट्याची स्थिती बघावी.

वर्ग 1 निघाला म्हणून पेढे वाटायचीही घाई नको. वर्ग 1 हा फक्त धारणेचा प्रश्न सोडवतो. पाच गुंठ्यांचा तुकडा वेगळा विकता येतो का, लेआउट मंजूर आहे का, रस्ता कागदावर आहे की नुसता मुरमाचा, हे वेगळेच प्रश्न. वर्ग 1 च्या जमिनीवरही पाच-पाच गुंठ्यांचे दगड रोवून बेकायदा प्लॉट पाडता येतात, आणि सांगलीत गुंठेवारीच्या वस्त्याच्या वस्त्या अशाच उभ्या राहिल्या. शिवाय जमीन शेतीचीच असेल आणि तुमच्या नावावर कुठेच शेती नसेल, तर वर्ग कुठलाही असो, ती तुम्हाला सरळ घेता येत नाही.

एजंटाचा फोन येईल, 'दुसरं गिऱ्हाईक तयार हाय, आजच्या आज एकवीस हजार ठेवा.' त्याला सांगावे, 'नव्या सातबाऱ्यावर वर्ग 1 दाखवा, एकवीसचे पन्नास देतो.' त्यानंतर जो गप्प बसतो, त्याचा प्लॉट घेऊ नये.