खुलासेवाले अण्णा

आस्थापना शाखेतून अण्णा निवृत्त झाले, पण कार्यालयात कुणाला कारणे दाखवा नोटीस मिळाली की तो संध्याकाळी अण्णांच्या ओट्यावर येतोच. ‘काय केलंस?’ असं अण्णा विचारत नाहीत. ‘हातात कधी पडली? पोच देताना सहीखाली तारीख टाकलीस?’ एवढंच विचारतात. खुलाशाला तीन दिवसांची मुदत असेल, तर ते दिवस नोटीस हातात पडल्यापासून मोजायचे.

परवा एक तरुण लिपिक आला, तो चार पानी खुलासा घेऊनच. पहिल्या पानावर स्वाभिमान, दुसऱ्यावर साहेबांचा भाचा, तिसऱ्यावर ‘मी कोणाला भीत नाही.’ अण्णांनी सगळं शांतपणे वाचलं आणि त्याच पानांच्या कोऱ्या बाजूवर नवा मसुदा सुरू केला.

‘भाचा नोटिशीत आहे का?’

‘नाही.’

‘मग खुलाशातही नाही. विचारलंय तेवढंच, विचारलंय त्याच क्रमानं.’

विषय आणि संदर्भात नोटिशीचा जावक क्रमांक व दिनांक लिहून झाल्यावर अण्णा मुद्द्यांवर आले. मुद्दा 1 : दिनांक 12 रोजी विनापरवानगी गैरहजर. पोरगा उसळला, ‘अहो, मला साहेबांनीच तहसीलला पाठवलं होतं!’ अण्णांनी लिहिलं, ‘सदर दिवशी मी कार्यालयीन कामासाठी तहसील कार्यालयात गेलो होतो. हालचाल नोंदवहीतील नोंदीची प्रत सोबत जोडली आहे.’ उद्गारचिन्ह गळालं, प्रत आली.

मुद्दा 2 : दिनांक 19 रोजी सव्वा तास उशीर. ‘हे खरं आहे,’ पोरगा पुटपुटला. ‘मग खरं आहे असंच लिही. उशिराबद्दल दिलगीर आहे, पुढे दक्षता घेईन. आजी, एसटी, पाऊस काही नको. हजेरीपटावर जे दिसतंय ते नाकारलंस, तर पहिल्या मुद्द्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही.’

मुद्दा 3 : वरिष्ठांशी उद्धट वर्तन. इथे अण्णांचे डोळे चमकले. दिवस कोणता, शब्द कोणते, समोर कोण होतं, काहीच नव्हतं. ‘मी उद्धट बोललेलो नाही. नोटिशीत प्रसंगाचा दिनांक व तपशील नमूद नाही. तो कळवावा, ही नम्र विनंती. कळविल्यास सविस्तर खुलासा सादर करीन.’ त्या ‘नम्र’खाली केवढी धार होती! शेवटी समक्ष म्हणणे मांडण्याची संधी मिळावी, अशी एक ओळ आणि ‘आपला विश्वासू’.

‘दोन प्रती काढ. एक आवक शाखेत दे, दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घे. शिक्का नाही म्हणजे तू काही दिलंच नाहीस.’

इतक्यात आतून काकूंचा आवाज आला, ‘कोथिंबीर आणली नाहीत, दळण राहिलं, आणि फोन का उचलला नाहीत?’

‘मुद्दा 1 बाबत,’ अण्णा चष्मा सारखा करत म्हणाले, ‘कोथिंबीर आणली नाही हे खरे आहे...’

‘खुलासा मुदतीनंतर आला,’ काकू म्हणाल्या. ‘आमटी उकळली.’