कायमचा बॅच क्रमांक १

घरगुती कोरफड जेलच्या डबीवर हल्ली सगळं असतं. हिरव्या पानाचं चित्र, 'केमिकल-फ्री', 'आजीची कृती', आणि तळाशी बारीक अक्षरात 'बॅच नं. ०१'. डिसेंबरात घ्या, ०१. मेमध्ये घ्या, तरी ०१. लेबलं एकदाच हजारभर छापून घेतलेली, त्यामुळे वर्षभरात काढलेला प्रत्येक घाणा पहिलाच ठरतो. '१२ महिन्यांत वापरावे' हेही छापीलच. हे १२ कुठून आले? शेजारच्या स्टॉलवरच्या डबीवर होते.

प्रसाधनं बनवून विकायची तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम 'घरीच तर करते' या उत्तराला सूट देत नाहीत. पण कायदा राहू दे. मला चिमटीबद्दल बोलायचंय.

कृती अशी असते: कोरफडीचा गर, ग्लिसरीन, झॅन्थन गम, सोडियम बेन्झोएट आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड. (केमिकल-फ्री डबीत शेवटची दोन कशी, हे सभ्य माणसं विचारत नाहीत.) बेन्झोएट प्रामुख्याने बुरशी आणि यीस्ट रोखतं, पण जेल आंबट असेल तरच. पीएच ४.८ असताना त्याचा साधारण पाचवा हिस्सा कामाला लागलेला असतो, पीएच ५.८ वर गेला की जेमतेम चाळिसावा उरतो. पावडर तेवढीच टाकलेली, पण पहारेकरी बहुतेक झोपलेले. आता कोरफड ही अशी वनस्पती, की रात्री पानात आम्ल साठवते आणि दिवसा उन्हात खर्च करते. पहाटेचं पान आणि संध्याकाळचं पान सारखं आंबट नसतं. चिमूट तीच, जेल निराळं.

म्हणून वही लागते. एक किलोच्या घाण्याची नोंद अशी: क्रमांक २५०५-२, म्हणजे मेमधल्या २५ तारखेचा दुसरा घाणा. पान कधी तोडलं. प्रत्येक घटकाचं वजन ग्रॅममध्ये, आणि तो ज्या पाकिटातून आला त्या पाकिटावरचा बॅच क्रमांक. बेन्झोएट ५ ग्रॅम. सायट्रिक ॲसिड किती ग्रॅम गेलं आणि त्यानंतर पीएच किती आला. मीटर त्याच दिवशी ४ आणि ७ च्या प्रमाणित द्रावणांत तपासला का, हेही. शेवटी हिशेब: ५० ग्रॅमच्या १८ डब्या भरल्या, एक राखून ठेवली, ५० ग्रॅम भांड्याला आणि तपासणीला गेलं. बेरीज एक किलो. ती जुळत नसेल तर कुठेतरी वजन चुकलंय, आणि ते डब्या कुरिअरला देण्याआधी कळलेलं बरं.

समजा, महिन्याभराने फोन येतो, 'जेलवर काळे ठिपके आलेत.' वही उघडली. २५०५-२ चं पान संध्याकाळचं, नोंदवलेला पीएच ५.७. राखून ठेवलेली डबी उघडून पुन्हा मोजला, ५.७ च. म्हणजे कारण बहुधा सापडलं, आणि परत मागवायच्या त्या फक्त १८ डब्या, त्या कोणाला गेल्या तेही शेजारच्या रकान्यात. ज्यांच्याकडे सगळंच ०१ आहे, त्यांनी वर्षभराचा माल परत मागवावा, किंवा ताईंनी डबीत ओला हात घातला असेल असं म्हणावं. दुसरंच उत्तर जास्त प्रचलित आहे.

राहिले ते १२ महिने. त्यासाठी एकाच घाण्याच्या तीन डब्या ठेवायच्या: एक फ्रीजमध्ये, एक फळीवर, एक ४० अंशांच्या पेटीत. विदर्भातल्या मे महिन्याला पेटीची गरज वाटत नाही, पण रात्री पारा उतरतो आणि जून येतो, म्हणून पेटीच हवी. पहिल्या दिवशी, मग दर आठवड्याला, महिन्यानंतर दर महिन्याला रंग, वास, पीएच, सुटलेलं पाणी आणि डबीचं वजन लिहायचं. वजन घटतंय म्हणजे झाकण गळतंय, दोष जेलचा नाही. गरम पेटीत तीन महिने टिकलं म्हणजे वर्ष टिकेल हा फक्त अंदाज. फळीवरची डबी बाराव्या महिन्यापर्यंत तपासत राहावीच लागते. तोवर लेबलवर सहा महिने लिहायला कोणाची हरकत नसते.

आणि तिन्ही डब्या दिसायला छान राहिल्या तरी जिवाणू डोळ्यांना दिसत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळेत जेलमध्ये मुद्दाम जिवाणू आणि बुरशी सोडतात आणि २८ दिवस त्यांची संख्या मोजत राहतात. त्याला पैसे पडतात. सोनेरी छपाईच्या लेबलालाही पडले होते.